नऊ इंच आणि धूर

पेढे वाटून आठ दिवस झाले नव्हते, तोच दत्ताजीरावांच्या स्वयंपाकघरात पूर्वीच्या दुप्पट धूर यायला लागला. आता दावा जिंकलेल्या माणसावर ही वेळ यावी, याला काय म्हणायचं? दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर कपाळाला हात लावून बसला असता. दत्ताजीराव चिडले. चिडणं त्यांना श्वासासारखं होतं, त्याला वेगळे कष्ट लागत नसत.

घर गुजरातेतल्या जुन्या शहरात, घडियाळी पोळीतल्या एका खडकीत होतं, म्हणजे एकाच वाटेनं आत जाणाऱ्या घरांच्या बोळात. मागे चार फूट रुंदीचा वाडो, म्हणजे दोन घरांमधली उघडी पट्टी, आणि ती सगळीच्या सगळी दत्ताजीरावांच्या नावावर. पलीकडे कांचनबेनची भिंत. कांचनबेन बावीस वर्षं चेवडा तळत होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी तो धंदा हातात घेतला आणि वाढवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चेवड्याची पाकिटं अमेरिकेला जायला लागली. मग पंच्याण्णवच्या दिवाळीत लाकडाची चूल गेली आणि डिझेलची भट्टी आली. भट्टीला वारा घालणारा पंखा तर असा घरघरायचा, की इकडच्या मांडणीवरची ताटं थरथरत. धुराचा नळ भिंतीतून बाहेर येऊन वाड्यावर नऊ इंच पुढे झुकला होता, आणि तिथून वळून वर छपरापर्यंत गेला होता.

नऊ इंच हे दत्ताजीरावांनी स्वतः मोजले होते. चौतीस वर्षं त्यांनी सिटी सर्व्हेच्या कचेरीत सर्व्हेयर म्हणून फीत धरली होती. पणजोबा सरकारच्या फौजेत होते, हद्दीवर उभे राहणारे. पणतू हद्द मोजणारा. आपल्या जमिनीत कुणी बोट घातलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जे फितीवर दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणून ते अहल्या वकीलबाईंकडे गेले होते. बाई तिशीतल्या, पण न्यायमंदिरात, म्हणजे तिथल्या कोर्टात, त्यांचं नाव होतं. आजोबा जुन्या संस्थानात न्यायखात्यात होते. बाईंनी दाव्याच्या मसुद्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या: नळ हद्दीत आला आहे तो काढावा, आणि धूर-आवाजाचा उपद्रव थांबवावा. दत्ताजीरावांनी दुसरा परिच्छेद आपल्या पेनानं खोडून टाकला. धूर कुठे मोजता येतो, म्हणाले, उद्या समोरचा वकील विचारेल किती इंच धूर, तर काय सांगू? बाईंनी दोनदा समजावलं. मग त्याही चिडल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे काका, दावा तुमचा.

नळाचा दावा तिसऱ्या तारखेलाच संपला. कांचनबेनच्या वकिलांनी पुरशिस दिली, म्हणजे लिहून दिलं, की वाड्यावर आलेला भाग आम्ही पंधरा दिवसांत काढतो. भांडायचं कारणच उरलं नाही. दत्ताजीरावांनी मांडवीच्या बाजारातून दोन किलो पेढे आणले.

आणि कांचनबेननी शब्द पाळला. गवंडी आला, त्यानं नळ भिंतीशी सपाट कापला. नऊ इंच गेले, पण वर छपरापर्यंत जाणारा भागही त्याच नऊ इंचांवर उभा होता, तोही गेला. आता नळाचं तोंड कांचनबेनच्या भिंतीत, कांचनबेनच्या हद्दीत, काटेकोर. आणि चार फुटांवर समोर दत्ताजीरावांच्या स्वयंपाकघराची खिडकी. भट्टी पेटली की काळा भपका सरळ आत.

दत्ताजीराव तरातरा पलीकडे गेले. कांचनबेन दारापुढच्या ओटल्यावर पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या.

“नऊ इंच मागे घ्या म्हणालात ना भाऊ? घेतले,” त्या म्हणाल्या. “सोळा बायकांच्या चुली या भट्टीवर पेटतात. तुम्ही मला कोर्टात हरवून पेढे वाटलेत. आता माझ्या हद्दीत मी काय करते ते विचारायचं नाही.”

बोलणं गुजरातीतच झालं, पण त्यातलं एकेक अक्षर दत्ताजीरावांना मराठीत झोंबलं. कारण ते अगदी त्यांचंच वाक्य होतं. चौतीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते.

घरात कुसुमावती होती. तिचा स्वभाव बोलून दाखवण्याचा नव्हता, आणि तीस वर्षांच्या संसारात दत्ताजीरावांनी तिला फारशी संधी दिलीही नव्हती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्यांना दिसलं की ती खिडकी लावून, दिवा लावून, घामानं निथळत पोळ्या लाटते आहे. ते म्हणाले, थांब, मी त्या बाईवर पोलिसात जातो, नळाच्या तोंडाचं नवं माप घेतो. तिनं लाटणं खाली ठेवलं. हात धुतले. आत जाऊन बॅग भरली.

“डभोईला दादाकडे चालले,” ती म्हणाली. “या घरात खिडकी उघडता आली की बोलवा. तुमच्या फूट-इंचाशी मला काही देणंघेणं नाही.”

ते दारात उभे राहिले. तिला थांब म्हणायचं सुचलं तोवर ती खडकीच्या बाहेर पडली होती. मग त्यांना राग आला; आधी तिचा, मग कांचनबेनचा, आणि संध्याकाळी एकट्यानं खिचडी करपवली तेव्हा सगळ्या जगाचा. तीस वर्षांत ही बाई त्यांना सोडून चार दिवसांच्या वर कुठे राहिली नव्हती. घर असून ती घरात नाही, आणि कारण काय, तर धूर. जो हातात धरता येत नाही, मोजता येत नाही, ज्याच्या नावानं सातबारा काढता येत नाही असा धूर!

दुसऱ्या दिवशी ते अहल्याबाईंकडे जाऊन टेबलावर मूठ आपटून बसले. धूर माझ्या हद्दीत घुसतो आहे, म्हणाले, नळासारखाच घुसतो आहे, घाला अतिक्रमणाचा दावा.

बाई हसल्या नाहीत. त्यांना रागच आला होता, पण त्यांनी पाणी मागवलं आणि शांतपणे सांगितलं. अतिक्रमण म्हणजे तुमच्या जमिनीत थेट काही आणून टाकणं, ठेवणं, शिरणं. माणूस, भिंत, नळ, दगड. तिथे इंचभर पुरतं. एक पैशाचं नुकसान नसलं तरी दावा चालतो, कारण कायदा तिथे हद्द राखतो. म्हणून तर आपण तीन तारखांत जिंकलो. पण धूर आणि आवाज तसे नाहीत. भट्टी त्यांच्या जागेत, नळ त्यांच्या जागेत, पेटवणं त्यांच्या जागेत. तुमच्याकडे येतो तो त्याचा परिणाम. त्याला कायदा उपद्रव म्हणतो. तिथे हद्द ओलांडली एवढं सांगून भागत नाही, तिथे त्रास सांगावा लागतो.

“त्रास किती, रोज की कधीमधी, किती तास, कुठल्या वेळी, आणि वस्ती कशी आहे,” बाई बोटांवर मोजत म्हणाल्या. “शेजाऱ्यानं तळण केलं, लग्नात बँड वाजला, तर ते सोसायचंच असतं. पण साध्या, निरोगी माणसाला खिडकी उघडता येत नाही, झोप लागत नाही, जेवण गळ्याखाली उतरत नाही, इतकं झालं की मग तो दावा होतो. घर म्हणजे नुसती माती नाही काका. त्यात राहता येणं हाही तुमच्या जमिनीचाच हक्क आहे. त्यांना त्यांच्या जागेत वाटेल ते करता येतं, पण तुमची जागा राहण्याजोगी उरेल तिथपर्यंतच.”

दत्ताजीरावांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाले, म्हणजे तो मी खोडलेला परिच्छेद.

तोच, बाई म्हणाल्या. आणि आता समोरचे म्हणतील की तेव्हा मागितलं नाही, आता मागता येणार नाही. त्याला माझ्याकडे उत्तर आहे. तो दावा नळाचा होता, हा धुराचा. आणि धूर रोज नव्यानं येतो, म्हणून दाव्याचं कारणही रोज नव्यानं उभं राहतं. पण हे उत्तर द्यायची वेळ तुमच्या पेनानं आणली, एवढं लक्षात ठेवा. दत्ताजीरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण आता खोडायला काही उरलं नव्हतं.

कोर्टाची उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर जूनमध्ये दावा दाखल झाला. सोबत निकाल लागेपर्यंतच्या मनाई हुकमाचा अर्ज. कोर्टानं जागा पाहायला कमिशनर नेमला, एक तरुण वकील. तो येणार ही नोटीस दोन्ही बाजूंना गेली, नियमच तो. त्या दिवशी कांचनबेनची भट्टी बंद. कोपऱ्यात चार लाकडांची चूल, तिच्यावर कढई, आणि कांचनबेन पदर खोचून हसऱ्या चेहऱ्यानं शेव पाडत बसलेल्या. कमिशनरला त्यांनी चहा दिला. त्यानं घेतला नाही, एवढं मात्र त्याचं चांगलं. अहवालात त्यानं लिहिलं: धूर दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही, वादीच्या खिडकीखालची भिंत काळी आहे.

दत्ताजीरावांनी तो अहवाल वाचला आणि भरल्या न्यायमंदिराच्या व्हरांड्यात कागद भिरकावून दिला. अशी फसवणूक! चार फुटांवरून रोज तोंडावर काजळी फेकणारी बाई एक दिवस साधी होते, आणि ते कोर्टाच्या कागदावर येतं! बाईंनी कागद उचलला, झटकला आणि सांगितलं, काळी भिंत आपल्या बाजूची आहे, पण भिंत किती दिवसांत काळी झाली ते भिंत सांगत नाही. साक्षीदार आणा.

साक्षीदार! खडकीत अकरा घरं. समोर राहणारे गोविंदराव रोज सकाळी खोकत खोकत कांचनबेनला शिव्या द्यायचे. दत्ताजीराव त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, आपल्याला इथेच राहायचं आहे हो. त्यांच्या टेबलावर चेवड्याचं पाकीट होतं, अमेरिकेच्या चिठ्ठीचं. दुसऱ्या घरात सून त्याच कारखान्यात पाकिटं भरत होती. तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. दत्ताजीरावांना वाटलं, या सगळ्यांची एकेक हद्द मोजून काढावी आणि एकेकाचा ओटला रस्त्यात किती आला आहे ते सांगावं. त्यांना सगळ्यांची मापं पाठ होती. पण त्यानं एकही खोकला साक्षीला उभा राहिला नसता.

मग बाईंनी शेवटचं विचारलं. त्या वेळी लिहिलेलं काही आहे का घरात? आता आठवून लिहिलेलं नको, तेव्हाचं. डायरी, पत्र, काहीही. दत्ताजीराव म्हणाले, मी दावा लढतो, डायऱ्या लिहीत नाही.

पुढची तारीख सहा ऑगस्ट. ती पाहायला त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. कधी नव्हे ते हातात घेतलं. पान अजून मे महिन्याचंच होतं, आणि पहिल्या तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक बारीक काहीतरी होतं. गोल. फुली. कुठे चार, कुठे साडेचार. त्यांना वाटलं, दूध. मग आठवलं की दूध डेअरीच्या पिशवीतून येतं, कूपनावर, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. त्यांनी पान मागे उलटलं. एप्रिल भरलेला. मार्च भरलेला. जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून. मे महिन्याच्या सहा तारखेला शेवटची फुली, आणि पुढे कोरं.

सहा मेला कुसुमावती डभोईला गेली होती.

दत्ताजीराव तसेच चपला घालून निघाले. डभोईची बस तासाभराची, पण त्यांना त्या दिवशी ती उभ्या गुजरातभर फिरून आल्यासारखी वाटली. मेहुण्यांच्या ओसरीवर कुसुमावती शेंगा सोलत बसली होती. चेहरा टवटवीत झाला होता तिचा, आणि तेही त्यांना खटकलं. त्यांनी कॅलेंडर पुढे धरलं. हे काय आहे, विचारलं.

तिनं शेंगा बाजूला केल्या नाहीत. सोलता सोलताच सांगितलं. गोल म्हणजे दोरीवरचे कपडे काजळीनं भरले आणि परत धुतले तो दिवस. फुली म्हणजे खिडकी लावून स्वयंपाक केला तो दिवस. आकडा म्हणजे पहाटे पंखा सुरू झाला ती वेळ, तिची झोप मोडली ती.

“मला का नाही सांगितलंस?”

आता तिनं शेंग खाली टाकली. आवाज चढवला नाही, पण असा कठीण आवाज त्यांनी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

“सांगितलं. जानेवारीत सांगितलं, तुम्ही नळाची लांबी मोजत होता. फेब्रुवारीत सांगितलं, तुम्ही दाव्याचा नकाशा काढत होता. दिवाळीपासून तुमच्या तोंडी नऊ इंचच आहेत. त्या घरात श्वास कोण घेतं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत? म्हणून भिंतीला सांगत होते. भिंत निदान ऐकते.”

दत्ताजीरावांनी रागवायला तोंड उघडलं खरं, पण राग कुणावर काढायचा तेच सापडेना. त्यांनी कॅलेंडर मिटलं आणि विचारलं, कोर्टात सांगशील?

ती म्हणाली, सांगेन, पण खोटं एक अक्षर सांगणार नाही. आणि कांचनचा कारखाना बंद करायला सांगणार नाही. ती बाई एकटीनं उभी राहिली आहे. बावीस वर्षं तिच्या चुलीचा वास मी घेतला, मला तो आवडायचा. बंद नको, सुसह्य पाहिजे. तुमच्या वकिलीणबाईंना एवढंच मागता येत असेल तर मी येते.

तेवढंच मागता येतं, असं अहल्याबाईंनी सांगितलं. उलट तेच मागावं, कारण कोर्ट उपद्रव थांबवतं, धंदा नाही. कुसुमावतीचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं, सोबत कॅलेंडर. समोरच्या वकिलांनी लगेच अर्ज दिला की नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागणार नाही, बाईंना हजर करा, आम्हाला उलटतपासणी घ्यायची आहे. कोर्टानं ते मान्य केलं.

त्या दिवशी न्यायमंदिरातल्या उंच छताच्या खोलीत कुसुमावती उभी राहिली. मागच्या बाकावर दत्ताजीराव, पलीकडच्या बाकावर कांचनबेन. दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. समोरचे वकील जाडजूड, आवाज गोड. त्यांनी आधी विचारलं, बेन, तुम्हाला दमा आहे ना? श्वासाचा त्रास? अहल्याबाईंनी दत्ताजीरावांना आधीच सांगून ठेवलं होतं की हा प्रश्न येणार, कारण वादी नाजूक आहे असं ठरलं की दावा लंगडा होतो. कायदा माप लावतो ते साध्या माणसाचं, दुखणाइताचं नाही.

नाही, कुसुमावती म्हणाली, कधीच नव्हता. चैत्रात पावागडच्या सगळ्या पायऱ्या चढून गेले.

मग विचारलं, तुम्ही घरी पुऱ्या तळत नाही का? तळते की. पोळीच्या बाहेर बाजार आहे, दिवसभर गजबज असते, ती चालते? चालते, ती दुकानं बंद झाली की संपते. कारखाना बावीस वर्षं आहे, कधी तक्रार केली? चुलीची कधीच नाही. भट्टी दिवाळीत आली. कारखान्याला महानगरपालिकेचा परवाना आहे, हे माहीत आहे? अहल्याबाई उभ्या राहून म्हणाल्या, परवाना तळायचा आहे, शेजाऱ्याच्या घरात धूर सोडायचा नाही. न्यायाधीशांनी मान हलवून त्यांना बसायला सांगितलं.

शेवटी वकिलांनी कॅलेंडर उचललं. ते त्यांच्या हातात पाहून दत्ताजीरावांचं पित्त खवळलं. वकिलांनी पानावर बोट ठेवलं. जानेवारीच्या चौदा, पंधरा तारखेला काही खूण नाही. मार्चमध्ये पाच दिवस कोरे. म्हणजे बेन, तुम्ही मनाला येईल तेव्हा गोल काढता, दावा करायचा म्हणून.

“नाही हो,” कुसुमावती म्हणाली. “चौदा-पंधराला उत्तरायण, पतंगांचे दिवस. भट्टी बंद होती. मी कांचनच्या गच्चीवर होते, तिनं उंधियू केला होता. मार्चमध्ये तिच्या बायका होळीला गावाला गेल्या, तेव्हाही बंद. धूर नव्हता, तर खूण कशी करू? आणि तेव्हा दावा करायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. दावा यांचा होता, नळाचा. माझं धुराचं होतं, ते कुणी विचारलंच नव्हतं.”

पलीकडच्या बाकावर कांचनबेननी पदर तोंडाला लावला. दत्ताजीराव खाली बघत बसले. त्यांना भर कोर्टात, बायकोच्या तोंडून, गुजरातीत, सगळ्यांसमक्ष कळलं होतं की हा धूर पहिल्यांदा नाकबूल करणारा माणूस पलीकडच्या बाकावर नव्हता.

हुकूम आठ दिवसांनी आला. कोरे दिवस आहेत म्हणूनच भरलेल्या दिवसांवर विश्वास बसतो, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. एकशे सत्तावीस दिवसांत नव्वदच्या वर दिवस खिडकी बंद, हे शेजाऱ्यानं सोसायच्या पलीकडचं आहे. बावीस वर्षांचा धंदा हे उत्तर नाही, कारण त्रास देणारी भट्टी वर्षाचीही नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भट्टी आणि पंखा रात्री आठ ते सकाळी सात बंद. आणि धुराचा नळ शेजारच्या छपरांच्या सहा फूट वर नेईपर्यंत दिवसाही बंद. चूल चालेल.

दत्ताजीरावांनी या वेळी पेढे आणले नाहीत. ते कुसुमावतीला म्हणाले, चल घरी. ती म्हणाली, नळ वर जाऊ दे, खिडकी उघडू दे, मग बघू. आणि परत डभोईच्या बसमध्ये बसली.

चार दिवसांनी कांचनबेन दारात उभ्या. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. त्यांच्या बरोबर लोहार होता. नळ छपराच्या सहा फूट वर न्यायचा तर त्यांची एकटीची भिंत पेलत नव्हती. वाऱ्यात तो डोलणार. त्याला तारेचा ताण लागणार, आणि ताणाचा हुक बसवायला एकच जागा होती: वाड्याच्या पलीकडची, दत्ताजीरावांची भिंत. तार वाड्यावरून जाणार. कांचनबेननी मागितलं नाही, नुसतं सांगितलं, आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. तिकडे चुलीवर निम्मासुद्धा माल निघत नव्हता. सोळापैकी नऊ बायका घरी बसल्या होत्या.

आता बघा! ज्या नऊ इंचांसाठी या माणसानं कोर्ट गाठलं, पेढे वाटले, बायको घालवली, त्याच वाड्यावरून तार, आणि हुक तर थेट त्यांच्या भिंतीत. नाही म्हणायचा पुरेपूर हक्क होता त्यांना. जगातलं कुठलंही कोर्ट त्यांच्या बाजूनं उभं राहिलं असतं, एका इंचासाठीसुद्धा. कमिशनरच्या दिवशीची ती चार लाकडांची चूल आठवली आणि दात आवळले गेले. त्या दिवशी कशी हसत होतीस, असं जिभेवर आलं. मग त्यांनी आत पाहिलं. खिडकी बंद होती, आणि भिंतीवर नुसता खिळा; कॅलेंडर कोर्टात होतं.

“उद्या सकाळी या,” ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

अहल्याबाईंना त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, परवानगी दिलीत की ते अतिक्रमण राहत नाही. फक्त चिठ्ठी लिहून घ्या की तार तुमच्या परवानगीनं आहे, हक्कानं नाही, आणि किती आत ते माप टाका. दत्ताजीरावांनी चिठ्ठी लिहिली. मापाच्या जागी लिहिलं: लागेल तेवढी.

सकाळी लोहार शिडी लावून वर चढला तेव्हा भिंतीतलं भोक दत्ताजीरावांनी स्वतः पाडलं, कारण ती भिंत कुठे पोकळ आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. खाली कांचनबेन शिडी धरून उभ्या होत्या. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दत्ताजीरावांचा राग गेला नव्हता, आणि कांचनबेनचाही नव्हता.

निरोप गेल्यावर रविवारी दुपारी कुसुमावती आली. बॅग ओट्याशी ठेवली, चपला काढल्या आणि सरळ जाऊन स्वयंपाकघराची खिडकी उघडली. भट्टी चालू होती. धूर वर छपरांच्याही वरून निघून जात होता. घरघर येत होती, पण सोसवेल इतकी. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग तिची नजर तारेवर गेली. भिंतीतला हुक, आणि वाड्यावरून तिरकी गेलेली तार.

“ही तर आपल्या वाड्यात आली,” ती म्हणाली. “किती फूट आहे हो?”

पहाटे कुणी उठायच्या आत दत्ताजीरावांनी फीत लावली होती. हुकापासून हद्दीपर्यंत पाच फूट तीन इंच, आणि वर पाव इंच.

“मोजलं नाही,” ते म्हणाले.